आधी उत्तर, मग कारण?

एक हिशेब करून बघा. मोबाईल बाजूला ठेवून कागद घ्या, किंवा नका घेऊ. फरक नेमका तिथेच आहे.

एक माणूस चार दिवस हॉस्पिटलमध्ये होता. रूमचं भाडं दिवसाला 5,000 रुपये, पण त्याच्या आरोग्य विम्यात रूमची मर्यादा दिवसाला 3,000. ऑपरेशन आणि डॉक्टरांची फी मिळून 40,000, औषधं 12,000. एकूण बिल 72,000. पॉलिसीची अट अशी की मर्यादेपेक्षा महागडी रूम घेतली, तर ऑपरेशन आणि डॉक्टरांच्या फीवरही त्याच प्रमाणात कात्री लागते. औषधांना लागत नाही. शेवटी जी रक्कम येईल, तिच्यातला 10 टक्के वाटा माणसाने स्वतः भरायचा, म्हणजे को-पे. तर कंपनी किती देणार?

तोंडी उत्तर द्यायला गेलात तर बहुतेक जण 72,000 मधून 10 टक्के काढून 64,800 म्हणतील. आकडा दिसायला बरा आहे, पण चुकीचा आहे. कागदावर असं होतं: रूमचे 3,000 गुणिले 4, म्हणजे 12,000. कात्रीचं प्रमाण 3,000 भागिले 5,000, म्हणजे 0.6. ऑपरेशन आणि फीचे 40,000 गुणिले 0.6, म्हणजे 24,000. औषधं पूर्ण 12,000. बेरीज 48,000. त्यातून को-पेचे 4,800 वजा. उत्तर 43,200. तोंडी उत्तर आणि खरं उत्तर यांत एकवीस हजारांहून जास्त फरक आहे.

हे माझं रोजचं काम आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. आमची टीम हॉस्पिटलचे क्लेम तपासणाऱ्या एका संस्थेसाठी एक प्रणाली बनवते. कागदपत्रं आली की भाषेचं मॉडेल ती वाचतं आणि निर्णयाचा मसुदा लिहितं. नंतर माणूस तो तपासून सही करतो. त्यामुळे ‘मॉडेलला टप्प्याटप्प्याने विचार करायला सांगितलं की उत्तर सुधारतं’ हे वाक्य आमच्यासाठी सोशल मीडियावरची टीप नाही. त्यावर कुणाचे तरी पैसे अडकलेले असतात. आणि हे वाक्य अर्धंच खरं आहे.

आधी खरा असलेला अर्धा भाग बघू.

मॉडेल उत्तर एकदम लिहीत नाही. ते एकेक तुकडा लिहितं. या तुकड्याला टोकन म्हणतात. एखादा शब्द, शब्दाचा भाग किंवा दोन-तीन अंक. प्रत्येक तुकडा ठरवण्यासाठी आतापर्यंतचा सगळा मजकूर मॉडेलच्या थरांमधून एकदा वर जातो. थरांची संख्या ठरलेली असते. 2020 सालच्या जीपीटी-3 मध्ये ते 96 होते. प्रश्न ‘दोन अधिक दोन किती’ असो, नाहीतर आपला वरचा क्लेम असो, एका तुकड्यासाठी 96 थर म्हणजे 96 थर. अवघड प्रश्न आहे म्हणून मॉडेल त्या एका तुकड्यावर जास्त वेळ डोकं खाजवत बसू शकत नाही.

आता विचार करा, ‘फक्त रक्कम सांग’ असं म्हटलं तर काय होईल? उत्तराचा पहिलाच तुकडा लिहिताना ‘43’ लिहायचं की ‘64’, हे ठरलेलं असावं लागतं. म्हणजे प्रमाण काढणं, गुणाकार, बेरीज, को-पे हे सगळं त्या एकाच फेरीत, मनातल्या मनात उरकायला हवं. एकमेकांवर अवलंबून असलेल्या पायऱ्या वाढत गेल्या की थर पुरत नाहीत. मग मॉडेल तेच करतं जे आपण घाईत करतो. प्रश्नात दिसणाऱ्या आकड्यांवरून शोभेलसं काहीतरी लिहून टाकतं.

पायऱ्या लिहायला सांगितल्या की चित्र बदलतं. मॉडेल ‘0.6’ लिहितं. ते आता कागदावर आलं. पुढचा तुकडा लिहिताना हे 0.6 मॉडेल पुन्हा वाचतं, अगदी तुमच्या प्रश्नातले आकडे वाचतं तसं. आता त्याला फक्त 40,000 गुणिले 0.6 एवढंच करायचं असतं. मग 24,000 कागदावर येतं. मग बेरीज. प्रत्येक फेरीत काम छोटं, आणि फेऱ्या भरपूर. शाळेत गणिताच्या वहीला उजवीकडे कच्च्या कामाची जागा सोडायचो ना, तीच ही जागा. फरक इतकाच की त्या जागेवाचून मधले आकडे धरून ठेवणं मॉडेलला फार अवघड जातं.

याला एक दुसरं कारणही आहे. मॉडेल ज्या मजकुरावर शिकलं, त्यात ‘मोठा प्रश्न आणि लगेच शेवटचा आकडा’ अशा जोड्या कमी असतात. पण ‘3,000 भागिले 5,000 बरोबर’ याच्यापुढे काय येतं, हे त्याने असंख्य वेळा पाहिलेलं असतं. लांबची उडी अनोळखी असते, पण जवळच्या पायऱ्या ओळखीच्या असतात.

2022 मध्ये गुगलच्या संशोधकांनी हे मोजून दाखवलं. शाळकरी शाब्दिक गणितांचा जीएसएम-8के नावाचा एक संच आहे. पाम नावाच्या त्यांच्या सर्वांत मोठ्या मॉडेलला सुरुवातीला फक्त प्रश्न आणि उत्तरांचे नमुने दाखवले, तेव्हा त्याची सुमारे 18 टक्के उत्तरं बरोबर आली. त्याच नमुन्यांत मधल्या पायऱ्या लिहून दाखवल्या, तेव्हा सुमारे 57 टक्के. मॉडेल तेच, त्याला नवीन काही शिकवलं नव्हतं. त्याच वर्षी मे महिन्यात आणखी एका गटाने दाखवलं की नमुन्यांचीही गरज नाही. प्रश्नाच्या शेवटी एवढी एक ओळ टाकली तरी मोठी मॉडेल्स पायऱ्या लिहू लागतात आणि गणितं सुधारतात:

```
Let's think step by step.
```

इथवर गोष्ट सरळ आहे. गुंता होतो तो आपण या पायऱ्यांना ‘कारण’ म्हणायला लागतो तेव्हा.

सर्वांत साधा सापळा अगदी माझ्यासारख्या लोकांच्या हातून रचला जातो. प्रोग्रॅमला उत्तर ठरावीक साच्यात हवं असतं. एका दुसऱ्या टीमने आमच्याकडे पाठवलेला साचा असा होता:

```json
{
  "decision": "...",
  "reason": "..."
}
```

आधी निर्णय, खाली कारण. फॉर्म म्हणून हे छान दिसतं, सरकारी पत्रसुद्धा असंच असतं. पण मॉडेल डावीकडून उजवीकडे, वरून खाली लिहितं. `decision` च्या जागी ‘नाकारला’ हा शब्द लिहून होईपर्यंत `reason` चं एक अक्षरही अस्तित्वात नसतं. म्हणजे निर्णय एका उडीत झाला, कच्च्या कामाशिवाय. त्यानंतर जे लिहिलं जातं ते ‘आता नाकारला आहेच, तर त्याला शोभेल असं काय लिहावं’ याचं उत्तर असतं. वाचणाऱ्याला मात्र वाटतं की कारणावरून निर्णय झाला. दोन ओळींची अदलाबदल करून `reason` वर घेतलं की निदान हा दोष जातो. तुम्ही चॅटमध्ये ‘हो की नाही ते सांग आणि मग समजाव’ असं लिहिता, तेव्हाही हेच होऊ शकतं.

पण ओळी योग्य क्रमाने लावल्या म्हणजे कारण खरं झालं, असंही नाही. हे मला कोड वाचून कळलं नाही. ते एका बाईंमुळे कळलं. क्लेम तपासण्यात ज्यांची वीस वर्षं गेली त्या बाईंना ऑफिसात सगळे ताई म्हणतात. मसुदे तपासून सही करणाऱ्यांपैकी त्या एक.

“अरे, एक सांगू का?” त्या एकदा जेवताना म्हणाल्या, “पूर्वी मी फाईल तपासायचे. हल्ली मी तुमचं कारण तपासते. पाच मुद्दे लिहिलेले असतात, पाचही बरोबर वाटतात, मग सही करते. फाईल उघडायची राहूनच जाते.”

“पण पाचही मुद्दे बरोबर असतील तर अडचण काय आहे, ताई?”

“सहावा कुठला होता ते मला कुठे दिसतं?”

त्यांच्या या प्रश्नासाठी आम्ही एक चाचणी फाईल बनवली. नावगाव काल्पनिक, पण कागद नेहमी येतात तसे. 52 वर्षांचा माणूस, हृदयविकाराच्या झटक्याने भरती. पॉलिसी घेऊन 14 महिने झालेले. पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांची प्रतीक्षा. डिस्चार्ज समरीत लिहिलंय: उच्च रक्तदाब, या वेळी नव्यानेच आढळला. जुनं प्रिस्क्रिप्शन नाही, जुना रिपोर्ट नाही. शिवाय फाईलच्या कोपऱ्यात चौकशीला गेलेल्या माणसाची एक ओळ, जशी बऱ्याच फायलींत असते: ‘जुना आजार असावा, नाकारण्यायोग्य वाटतो.’ त्या ओळीला कुठलाही पुरावा जोडलेला नाही.

मसुदा आला. पायऱ्या नीट क्रमाने होत्या. रुग्णाला हृदयविकाराचा झटका आला. त्याला उच्च रक्तदाब असल्याची नोंद आहे. रक्तदाब सहसा हळूहळू, काही वर्षांत वाढतो. म्हणून तो 14 महिन्यांपूर्वीही असण्याची शक्यता जास्त. प्रतीक्षा कालावधी संपलेला नाही. निर्णय: नाकारावा.

मग आम्ही फक्त ती कोपऱ्यातली ओळ पुसली. बाकी एकही अक्षर हलवलं नाही. नवा मसुदाही तितकाच नीटनेटका आला. डिस्चार्ज समरीनुसार रक्तदाब नव्याने आढळला. आधीच्या उपचाराचा कोणताही पुरावा नाही. पुराव्याशिवाय आजार आधीपासूनचा मानता येत नाही. निर्णय: मंजूर करावा.

दोन्ही वेळा पायऱ्या आधी आणि निर्णय नंतर. दोन्ही वेळा प्रत्येक वाक्य सुटं वाचलं तर मान डोलावण्यासारखं. निर्णय ज्या ओळीमुळे उलटला, तिचा पहिल्या मसुद्यात कुठेही उल्लेख नाही. तो मसुदा परत वाचला तर दोन खुणा सापडतात. ‘नव्यानेच आढळला’ हे शब्द गळाले आणि फक्त ‘नोंद आहे’ उरलं. आणि सगळा भार ‘रक्तदाब सहसा हळूहळू वाढतो’ या वाक्यावर आला. हे वाक्य खरं आहे, पण ते सगळ्या जगाबद्दल आहे, या माणसाबद्दल नाही. हिशेबात अशी लबाडी करता येत नाही, कारण 0.6 च्या जागी दुसरं काही बसत नाही. पण निवाड्याच्या प्रश्नात दोन्ही बाजूंनी बोलायला खरी वाक्यं नेहमीच हाताशी असतात. कुठली उचलायची हे आधी ठरून गेलेलं असू शकतं.

हा आमच्याच प्रणालीचा दोष नव्हता. 2023 मध्ये माइल्स टर्पिन आणि सहकाऱ्यांनी याची पद्धतशीर चाचणी घेतली होती. त्यांनी मॉडेलला बहुपर्यायी प्रश्नांचे नमुने दाखवले. त्यात बरोबर उत्तर प्रत्येक वेळी पहिलाच पर्याय असेल, अशी पर्यायांची मांडणी केली. मग नवा प्रश्न विचारला. मॉडेल पहिल्या पर्यायाकडे झुकलं आणि अचूकता घसरली. पण लिहिलेल्या पायऱ्यांत ‘आधीची सगळी उत्तरं पहिल्या पर्यायाचीच होती म्हणून’ असं जवळजवळ कुठेच नव्हतं. त्याऐवजी त्या चुकीच्या पर्यायाला साजेसं, वाचायला पटणारं विवेचन होतं.

पुढे लांबलचक विचार करण्यासाठी खास तयार केलेली मॉडेल्स आली. वाटलं होतं, ती तरी सगळं मांडतील. 2025 मध्ये अँथ्रॉपिकने प्रश्नातच उत्तराची सूचना पेरून हे तपासलं. त्यांचं स्वतःचं क्लॉड 3.7 सॉनेट जिथे सूचनेचा उपयोग करत होतं, त्यांतल्या सरासरी चौथ्या भागातच ते तसं लिहीत होतं.

मग ओळखायचं कसं? मॉडेलला ‘तू खरंच असाच विचार केलास का’ असं विचारून उपयोग नाही. त्याचं उत्तरही त्याच पद्धतीने, एकेक तुकडा जोडून लिहिलं जाणार. पायऱ्यांना हात लावून बघावं लागतं. आम्ही दोन गोष्टी करतो.

पहिली, मधली एक पायरी मुद्दाम बिघडवायची. हिशेबाच्या मसुद्यात 24,000 च्या जागी आपण 28,000 लिहायचं आणि तिथून पुढे मॉडेलला लिहायला लावायचं. उत्तर खरोखर पायऱ्यांवर उभं असेल, तर बेरीज 52,000 येईल, को-पे 5,200 आणि उत्तर 46,800. म्हणजे चूक पुढे सरकायला हवी. किंवा मॉडेलने ‘हा गुणाकार चुकलाय’ असं स्पष्ट लिहून सुधारायला हवं. पण काहीही न बोलता शेवटी 43,200 च आलं, तर समजायचं की उत्तर दुसरीकडून आलंय आणि पायऱ्या शोभेच्या आहेत. 2023 मध्ये अशा चाचण्या मोठ्या प्रमाणावर झाल्या, पायऱ्या अर्ध्यात तोडून आणि त्यांत चुका घालून. निष्कर्ष कामाकामानुसार वेगळा निघाला. बीजगणिताच्या शाब्दिक प्रश्नांत पायऱ्या बिघडवल्या की उत्तर बऱ्याचदा बदलायचं. शाळकरी विज्ञानाच्या सोप्या प्रश्नांत मात्र क्वचितच. जे मॉडेलला आधीच येत होतं, तिथे पायऱ्या फक्त लिहिल्या जात होत्या.

यात एक गमतीचा उलटा हिशेब आहे. पायऱ्यांचा जिथे खरा उपयोग होतो, तिथेच एक चुकीची पायरी सगळं उत्तर बुडवते. 0.6 च्या जागी 0.4 लिहिलं गेलं, तर पुढचं सगळं त्या 0.4 शी इमानाने वागतं. म्हणून हिशेब मॉडेलकडून पुरा करून घेण्याऐवजी आम्ही त्याच्याकडून फक्त आकडे वेचून घेतो आणि गुणाकार साध्या कोडला करू देतो.

दुसरी गोष्ट निवाड्याच्या प्रश्नांसाठी. ज्याचा निर्णयावर परिणाम होऊ नये, ते काढून किंवा उलटं करून बघायचं. चौकशीवाल्याची ओळ पुसायची. कागदांचा क्रम बदलायचा. ‘नाकारण्यायोग्य’ च्या जागी ‘मंजूर करण्यायोग्य’ लिहायचं. निर्णय हलला, तर पायऱ्या कितीही सुंदर असोत, त्या मसुद्यावर भरवसा ठेवायचा नाही. तुमच्या चॅटमध्येही हे करता येतं. ‘मला वाटतं हा करार ठीक आहे, तपासून सांग’ असं विचारून झाल्यावर, नवीन खिडकी उघडून तोच करार ‘मला यात गडबड वाटते, तपासून सांग’ म्हणून द्या. दोन्ही वेळा तुमचंच म्हणणं पाच मुद्द्यांत परत आलं, तर तुम्हाला कराराबद्दल काहीही कळलेलं नाही.

हे दुसरं तपासणं महाग पडतं. प्रत्येक फाईल दोन-तीनदा चालवावी लागते, आणि निर्णय हलला नाही म्हणजे तो बरोबर आहे, असंही सिद्ध होत नाही. आपण ज्या ओळी पुसून पाहिल्या, त्यांच्यावर तो टेकलेला नाही, एवढंच कळतं.

आमच्या प्रणालीत आता हिशेबाच्या पायऱ्या पूर्ण दिसतात, कारण त्या कुणालाही कागदावर ताडून बघता येतात. निवाड्याच्या प्रश्नांत चौकशीवाल्याचं मत मॉडेलला दाखवलंच जात नाही. आणि प्रत्येक मुद्द्यापुढे तो कुठल्या कागदावरच्या कुठल्या ओळीतून घेतला, हे लिहावं लागतं. ‘रक्तदाब सहसा हळूहळू वाढतो’ याच्यापुढे अशी ओळ सापडत नाही आणि ती जागा कोरी दिसते.

शेवटचा बदल ताईंनी मागितला आणि तो सर्वांत सोपा होता. स्क्रीनवर आधी फाईल उघडते. त्यांनी स्वतःचं मत एका ओळीत लिहिल्याशिवाय मॉडेलचा मसुदा उघडत नाही. दिवसाला क्लेम थोडे कमी होतात, त्यावरून वरचे लोक कुरकुरतात. ताईंचं म्हणणं, ज्याच्या घरी नकाराचं पत्र जाणार आहे, त्याची फाईल निदान एका माणसाने तरी पत्राच्या आधी वाचलेली असावी.